पहिले पाच हजार



व्याख्यानमालेच्या संयोजकांनी पत्रात विषय कळवला होता, 'अल्प उत्पन्न गटातील बचतीचे महत्त्व'. महत्त्व सांगायला मी आलो नाही. ज्या घरात महिन्याला पंधरा-सोळा हजार येतात, त्या घरातल्या बाईला बचतीचं महत्त्व माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिला पैसे कुठून काढायचे आणि कुठे ठेवायचे हा प्रश्न असतो. म्हणून मी विषय आखडता घेतो. अशा घरात साठलेले पहिले पाच हजार रुपये काय काम करतात आणि ते येतात कुठून, एवढंच आज बोलणार आहे.

पाच हजार ही रक्कम तुम्हा-आम्हाला किरकोळ वाटेल. पोस्टाच्या आवर्ती ठेवीचा, म्हणजे आरडीचा दर सध्या ६.७ टक्के आहे. त्या दराने पाच हजारांवर वर्षाला साडेतीनशे रुपयेसुद्धा व्याज मिळत नाही. एवढ्यासाठी कोणी पोटाला चिमटा काढावा असं त्यात काही नाही, आणि गरीब माणूस हे बरोबर ओळखतो. पण आता हेच पाच हजार दुसऱ्या बाजूने मोजू. सोलापूरच्या पूर्व भागातलं यंत्रमागावरचं एक घर धरा. असं एकच घर नाही. मी जी अनेक पाहिली त्यांच्यावरून हिशेबासाठी बेतलेलं आहे. नवरा टॉवेलच्या कारखान्यात, पगार आठवड्याचा, तीन हजार. बायको तीन घरची धुणीभांडी करते, तिचे महिन्याचे साडेचार हजार. चार आठवड्यांच्या महिन्यात घरात साडेसोळा हजार येतात. दोन मुलं, एक सातवीत, एक चौथीत. भाड्याची खोली.

जून येतो. गणवेश, वह्या, दप्तर, शिकवणीचा पहिला हप्ता, रिक्षावाल्याचे आगाऊ पैसे मिळून पाच हजार लागतात. ते ओळखीच्या माणसाकडून व्याजाने येतात. दर शेकडा दहा, आणि तो महिन्याचा. बरेचदा पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून हातात साडेचार हजारच पडतात. मग महिन्याला पाचशे रुपये व्याज जातं. मुद्दल एकरकमी द्यायचं असतं आणि एकरकमी पाच हजार त्या घरात कधीच नसतात, म्हणून मुद्दल तसंच राहतं. वर्षाचं व्याज झालं सहा हजार. पुढच्या जूनला मुद्दल जागच्या जागी, आणि शाळा पुन्हा उघडते.

म्हणजे या घराकडे जूनमध्ये स्वतःचे पाच हजार असते, तर त्यांनी वर्षाला सहा हजार वाचवले असते. पोस्टात त्यांनी साडेतीनशेही मिळवले नसते. कमी उत्पन्नाच्या घरात बचत कमावते ती अशी, न द्याव्या लागलेल्या व्याजातून. त्यामुळे 'कुठे जास्त व्याज मिळेल' हा आपला नेहमीचा प्रश्न तिथे दुय्यम ठरतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पैसे हाताशी असतील का, हा पहिला प्रश्न. दहाव्या किंवा पन्नासाव्या हजाराला ही ताकद नसते, कारण तोवर सावकाराची गरज बरीच ओसरलेली असते.

आता हे पैसे आणायचे कुठून? वर्तमानपत्री सल्ला सगळ्यांना पाठ आहे. चहा कमी करा, बाहेरचं खाऊ नका, खर्च लिहून ठेवा. मला या सल्ल्याचा मनापासून कंटाळा आहे. यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा माणूस दोन चहा पितो, त्यातला एक बंद केला तर वाचलेले दहा रुपये संध्याकाळपर्यंत दुसरीकडे जातात. रोजच्या खर्चातून काढलेला पैसा चिल्लर म्हणून निघतो आणि चिल्लर म्हणूनच संपतो. शोधायचे ते ठोक पैसे. जे एका ठरलेल्या दिवशी, एका हातातून दुसऱ्या हातात जातात आणि ज्यांची वाट बदलता येते, असे. माझ्या पाहण्यात अशा तीन जागा आहेत.

पहिली जागा पाचव्या आठवड्याची. आठवड्याच्या पगाराचं घर मनात महिना चार आठवड्यांचा धरतं. वर्षात आठवडे बावन्न. बारा चोक अठ्ठेचाळीस. उरलेले चार पगार वर्षातल्या चार महिन्यांत पाचवा पगार म्हणून येतात. त्या आठवड्याला खोलीचं भाडं नाही, वीजबिल नाही, शिकवणी नाही. ती आधीच्या चारांतून गेलेली असतात. पण पोट असतंच. म्हणून पूर्ण तीन हजार सुटे होतात असं म्हणणं खोटं होईल. आपल्या घराचा किराणा, भाजी, दूध, येणंजाणं असा आठवड्याचा खर्च बावीसशे धरला, तर पाचव्या आठवड्यात आठशे उरतात. वर्षाचे बत्तीसशे. हे पैसे आजही त्या घरात येतात, पण त्यांना कोणी ओळखत नाही. 'या महिन्यात जरा बरं गेलं' एवढंच वाटतं. कॅलेंडर घेऊन वर्षातले असे चार पगाराचे वार जानेवारीतच लाल पेनाने गोल करून ठेवायचे. कालनिर्णय भिंतीवर असतंच.

या गोलांच्या उलटही एक गणित त्याच भिंतीवर असतं. मोबाइलचं रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचं असलं, की वर्षात बाराऐवजी तेरा वेळा करावं लागतं. घरात दोन फोन असतील तर दोन रिचार्ज जास्तीची. हेही पैसे कोणाच्या लक्षात येत नाहीत, कारण तारीख दर महिन्याला दोन-तीन दिवस मागे सरकत राहते.

दुसरी जागा संपलेल्या हप्त्याची, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते हिच्याबद्दल.

बाजारपेठेत रोजच्या वसुलीचं कर्ज चालतं. दहा हजारांचं कर्ज, हातात नऊ हजार, आणि रोज शंभर रुपये शंभर दिवस. हातगाडीवाला, भाजीवाली, शिंपी, सगळ्यांना हे ठाऊक आहे. महाग किती? पैसे रोज परत जात असल्याने सरासरी साडेचार-पाच हजारच वापरायला मिळतात, आणि त्यावर शंभर दिवसांत हजार रुपये जातात. वर्षाचा दर सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या घरात पोहोचतो. पण मला त्यातली वेगळी गोष्ट दिसते. ही भाजीवाली शंभर दिवस, पावसात, खाड्याच्या दिवशीही, रोज शंभर रुपये बाजूला काढते आणि देते. 'माझ्याने बचत होत नाही' असं म्हणणाऱ्या बाईने शंभर दिवसांत दहा हजार साठवून दाखवले! क्रम तेवढा उलटा. आधी रक्कम उचलली, मग साठवली, आणि क्रम उलटा करण्याचे हजार रुपये दिले.

मग ती क्रम सुलटा का करत नाही? ती मूर्ख नाही. कर्जाचा वसुलीवाला रोज दारात येतो, बचतीसाठी कोणी येत नाही. आणि घरात ठेवलेल्या पैशाला वाटेकरी फार. डब्यातले पैसे नवऱ्याला माहीत असतात, दिराला माहीत असतात, शेजारणीच्या मुलाला ताप आला तर नाही म्हणता येत नाही. 'हप्ता भरायचाय' हे कारण मात्र सगळे मान्य करतात. गरिबांच्या बचतीचे अभ्यासक स्टुअर्ट रदरफोर्ड यांनी विजयवाड्याच्या झोपडवस्तीत घरोघर फिरून पैसे गोळा करणाऱ्या एका बाईची हकीकत लिहिली आहे. तिच्या कार्डावर २२० चौकोन. बायका रोज पाच रुपये देत, एक चौकोन भरला जाई. सगळे चौकोन भरले की अकराशे जमलेले असत, आणि ती हजार परत करी. शंभर तिची मजुरी. म्हणजे बायका बचतीवर व्याज घेत नव्हत्या, उलट देत होत्या, आणि आनंदाने देत होत्या. आपल्याकडची पिग्मी याच गरजेतून निघाली. १९२८ साली डॉ. टी. एम. ए. पै यांनी उडुपीला रोज दोन आण्यांपासून ती सुरू केली, आणि आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पतसंस्थेचा पिग्मीवाला दुकानोदुकानी दिसतो.

तेव्हा हप्ता संपण्याचा दिवस हा बचत सुरू करण्याचा सगळ्यात सोपा दिवस असतो. मोबाइलचा असो, टीव्हीचा असो, मायक्रोफायनान्सचा असो, हप्ता संपतो त्या महिन्यात घर त्या रकमेवाचून जगायला शिकलेलं असतं. त्याच तारखेला तेवढीच रक्कम स्वतःच्या खात्यात गेली तर कोणाला काही नवं सोसावं लागत नाही. एक महिना मध्ये गेला, की ती रक्कम खर्चात मुरते आणि मग पुन्हा काढताना दुखतं. नेमक्या त्याच महिन्यात कंपनीचा माणूस नवं, मोठं कर्ज घेऊन दारात येतो. त्यालाही हे गणित चांगलं ठाऊक असतं.

पिग्मीबद्दल दोन गोष्टी सांगून पुढे जातो. सहकारी बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. पाटीवर 'बँक' आहे की 'पतसंस्था', हे एकदा वाचावं. आणि गोळा करणाऱ्याने पुस्तकात आकडा लिहिला म्हणजे तो कार्यालयात पोहोचलाच असं नाही. महिन्यातून एकदा स्वतः जाऊन शिल्लक ताडून पाहायची. जो पिग्मीवाला 'कशाला येता, मी सांगतो ना' म्हणतो, त्याच्याकडचं खातं बंद करावं.

तिसरी जागा म्हणजे व्याज स्वतःच. आपल्या सोलापूरच्या घरातून दर महिन्याला पाचशे रुपये व्याजाचे जातात. ते घर महिन्याला पाचशे रुपये 'देऊ शकतं' हे तर सिद्धच आहे. ते मुद्दलाकडे वळवता आले पाहिजेत. त्यासाठी असं कर्ज लागतं ज्याचं मुद्दल थोडं थोडं फेडता येतं, आणि हे काम बचत गट करतो.

गट म्हणजे शिलाई मशीनचं वाटप आणि पापड-लोणच्याचं प्रदर्शन, असं एक चित्र आपल्या मनात आहे. 'माविम' आणि 'उमेद' यांच्या कागदांवर मात्र गटाचा गाभा वेगळा आहे: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेबाची नोंद. यातलं अंतर्गत कर्ज हा माझ्या मते गटाचा प्राण आहे. बारा बायकांनी दोनशे रुपये भरले तर महिन्याला चोवीसशे, सहा महिन्यांत चौदा हजार चारशे. एवढ्यातून पाच-पाच हजारांची दोन कर्जं बसतात. दर बहुतेक ठिकाणी शेकडा दोन, महिन्याचा. बँकेच्या मानाने महाग; पण व्याज जातं ते त्याच बारा जणींच्या पेटीत.

आता आपल्या घराचा हिशेब पुढे नेतो. जूनमध्ये सावकाराचे पाच हजार घेतले. जुलैत बाई गटात आली, महिन्याला दोनशे. हे दोनशे कुठून? वर्षाचे चोवीसशे लागतात आणि पाचव्या पगारांतून बत्तीसशे येतात, म्हणजे ती सोय झालेली आहे. फक्त पाचवा पगार तीन महिन्यांतून एकदा येतो आणि गट दर महिन्याला. म्हणून पाचवा पगार हाती आला की पुढच्या तीन महिन्यांचे सहाशे त्याच दिवशी वेगळ्या पाकिटात किंवा बाईच्या स्वतःच्या खात्यात ठेवायचे. जानेवारीत गटाने तिला पाच हजार दिले, तिने सावकाराचा हिशेब मिटवला. फेब्रुवारीपासून मुद्दलाचे पाचशे आणि पहिल्या महिन्याचं व्याज शंभर, मग नव्वद, मग ऐंशी. दहा महिन्यांचं एकूण व्याज साडेपाचशे. पूर्वी जवळजवळ तेवढे एका महिन्यात जात होते.

कागदावर हे नोव्हेंबरात संपतं. प्रत्यक्षात संपत नाही, कारण मध्ये दुसरा जून येतो. त्या वेळी अडीच हजार मुद्दल बाकी असतं. शाळेच्या पाच हजारांपैकी दोन हजार कसेबसे उभे राहतात, तीन हजार पुन्हा गटाकडून. एकूण साडेपाच हजार, म्हणजे पाचशेचे आणखी अकरा हप्ते, पुढच्या मे महिन्यापर्यंत. तिसऱ्या जूनला पाटी कोरी असते पण गाठीला फारसं नसतं. पुन्हा तीन हजार, तेही डिसेंबरात फिटतात. मग जानेवारी ते मे हेच पाचशे बाजूला पडले तर अडीच हजार, त्यात पाचव्या पगारांतून दरवर्षी उरणारे आठशे. चौथ्या जूनला घर तीन हजारांहून थोडं जास्त स्वतःचं घेऊन उभं असतं आणि उसने लागतात ते दोन हजारांच्या आत. म्हणजे तीन वर्षं लागली. मध्ये आजारपण आलं, माग बंद पडले, तर चार लागतील. कोणी सहा महिन्यांत करून दाखवतो म्हणालं तर त्याने जून मोजलेला नाही. पण वाट न बदललेल्या शेजारच्या घराने याच तीन वर्षांत अठरा हजार व्याज दिलेलं असतं आणि त्याचे पाच हजार अजून द्यायचेच असतात.

गट बिघडतो तेव्हा कसं कळतं, हे मला वारंवार विचारलं जातं. बैठकीत रक्कम मोजली जाते की सचिवबाईच्या घरी नेऊन दिली जाते, हे पाहा. नोंदवही बैठकीत लिहिली जाते की नंतर कोणाच्या तरी मुलाकडून एकदम चार महिन्यांची लिहून घेतली जाते? चार महिन्यांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच वळणात दिसल्या की समजावं. आणि कर्जाची नावं वाचा. तीच दोन-तीन नावं फिरत असतील तर उरलेल्या बायका त्या तिघींना स्वस्त कर्ज पुरवत आहेत. आपली बाई त्या उरलेल्यांत असेल तर तिने बाहेर पडलेलं बरं.

भिशीचं काय, असं सभेनंतर कोणीतरी विचारेलच, म्हणून आत्ताच सांगतो. दहा जणींची हजाराची भिशी असेल तर पहिल्या नंबरला ते बिनव्याजी कर्ज आहे आणि दहाव्या नंबरला बिनव्याजी बचत. ओळखीच्या बायकांत, जूनचा नंबर आधीच मागून घेतला, तर भिशीइतकं सोपं काही नाही. नंबर चिठ्ठीने निघत असेल तर जूनला तिचा भरवसा धरता येत नाही. लिलावाच्या भिशीत अडलेली बाई जास्त सूट देऊन रक्कम उचलते, म्हणजे गरज जितकी मोठी तितकं नुकसान मोठं. अशा भिशीपासून लांब राहावं.

आणि पोस्टाची आरडी? ती चांगली आहे, पण पहिल्या पाच हजारांसाठी नाही. तिची मुदत पाच वर्षं. वर्ष पूर्ण होऊन बारा हप्ते भरले की शिलकीच्या निम्मं कर्ज मिळतं, आणि तीन वर्षांआधी खातं मोडता येत नाही. म्हणजे जून तिला दिसत नाही. ती दुसऱ्या मजल्यासाठी. जूनची सोय झाली, मग मुलगा सातवीत असताना सुरू केलेली आरडी त्याच्या बारावीच्या सुमाराला हाती येते. महिन्याला पाचशेप्रमाणे तीस हजार भरले की सुमारे पस्तीस हजार सातशे होतात. एक साधी युक्ती इथे उपयोगी पडते. पाचशेचं एक खातं काढण्याऐवजी दोनशे आणि तीनशेची दोन काढावीत. किमान रक्कम शंभर आहे, त्यामुळे अडचण नाही. ओळीने चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं, आणि ते पुन्हा चालू करायला दोनच महिने मिळतात. वाईट दिवस आले तर एका खात्याचे हप्ते थांबवून दुसरं तरी चालू ठेवता येतं. मोठं एकच खातं असेल तर ते पुरंच अडतं.

मुद्दाम एक गोष्ट बाकी ठेवली होती. पाच हजारांनी जून निभतो, मोठं आजारपण निभत नाही. घरातला कमावता माणूस गेला तर कुठलाही गट पुरत नाही. त्यासाठी सरकारी विम्याच्या दोन योजना आहेत. अपघाताची, वर्षाला वीस रुपये. आणि कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी लागू होणारी जीवनज्योती, वर्षाला ४३६ रुपये. दोन्हींत दोन-दोन लाखांचं संरक्षण. अनेकांनी बँकेत कधीतरी फॉर्म भरलेला असतो आणि आपण विमेदार आहोत अशी समजूत असते. या योजनांचं वर्ष १ जून ते ३१ मे असं चालतं, आणि हप्ता मेअखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो. आपल्या घराच्या खात्यात मेअखेरीस काय असतं? शाळा तोंडावर आलेली, खातं रिकामं. कपात होत नाही, विमा संपतो, आणि कोणी सांगायला येत नाही. जीवनज्योतीत पुन्हा नोंद केली तर पहिले तीस दिवस अपघाताशिवाय आलेल्या मृत्यूला संरक्षणच नसतं. म्हणून गटाच्या मे महिन्याच्या बैठकीत मी एकच काम करायला सांगतो. प्रत्येकीने पासबुक आणायचं, गेल्या वर्षी वीस आणि ४३६ रुपये कापल्याची ओळ त्यात शोधायची, आणि ती सापडली नाही तर दुसऱ्या दिवशी बँकेत जायचं. नवऱ्याच्या खात्याचं पासबुकही बरोबर आणायचं, कारण विमा बहुतेकदा त्याच्या नावावर असतो आणि त्या खात्याकडे घरात कोणी पाहिलेलं नसतं.